नुसती एक गोष्ट

"नुसती एक गोष्ट दे" ह्या वाक्यातला सगळ्यात फसवा शब्द म्हणजे 'नुसती'. नुसता चहा मागितला तरी साखर किती, आलं घालू का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कोणी आधण ठेवत नाही. गोष्ट मागणाऱ्याला मात्र वाटतं की आपलं सांगून झालं. लिहिणाऱ्यालाही वाटतं, वा, पूर्ण मोकळीक मिळाली! मग तो कोरी फाईल उघडून बसतो आणि तीन रविवार गेले तरी फाईल कोरीच असते.

गणपतीच्या आधी दीड-दोन महिने आमच्या सोसायटीत स्मरणिकेची गडबड सुरू होते. अर्धी पानं जाहिरातींची, चार पानं हिशोबाची, काही लहान मुलांच्या चित्रांची, आणि उरलेल्या जागेत 'साहित्य'. यंदा सेक्रेटरीकाकांनी मला लिफ्टमध्ये गाठलं.

"तू लिहितोस ना रे काहीतरी? एक गोष्ट दे."

"कशावर, काका?"

"कशावरही. नुसती गोष्ट."

"किती मोठी?"

"असेल तेवढी दे. जागा करू आपण."

"आणि कोणासाठी?"

"म्हणजे काय? वाचणाऱ्यांसाठी!"

चौथा मजला आला, काका उतरले. रिक्वायरमेंटची मीटिंग संपली.

ह्यात काकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आपल्याला नेमकं काय हवंय हे मागणाऱ्याला आधीच सांगता आलं असतं, तर आम्ही निम्मे सॉफ्टवेअरवाले घरी बसलो असतो. माझा मुद्दा वेगळा आहे. 'नुसती गोष्ट' मागितली जाते तेव्हा चार बाबी ठरायच्या बाकी असतात: प्रकार कुठला, लांबी किती, पात्रं कोण आणि वाचक कोण. ह्या कोणीतरी ठरवाव्याच लागतात. मागणाऱ्याने नाही ठरवल्या तर लिहिणाऱ्याने, आणि त्यानेही नाही ठरवल्या तर त्या आपोआप ठरतात, म्हणजे बहुतेकदा वाईट ठरतात. शिवाय आपण सगळे ज्या क्रमाने हे ठरवायला जातो तो क्रमच मला उलटा वाटतो. विनोदी लिहू की भयकथा लिहू, इथून आपण सुरुवात करतो. माझ्या मते वाचक सगळ्यात आधी ठरला पाहिजे आणि प्रकार सगळ्यात शेवटी.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. माझ्या डोक्यात गोष्टीचं एवढंच बी होतं: एक कुटुंब आठ दिवस गावाला जातं. जाताना शेजारी घराची किल्ली देऊन जातं, बाल्कनीतल्या तुळशीला रोज पाणी घालायला. शेजारी पहिल्या दिवशी पाणी घालून येतात. दुसऱ्या दिवशी जायचं राहून जातं. तिसऱ्या दिवशी घाईघाईने जाऊन बघतात, तर कुंडीतली माती ओली. बस. माती ओली कशी, ते माझं मलाही माहीत नव्हतं.

आता आधी प्रकार धरून बघा काय होतं ते.

रहस्यकथा करायची, तर दुसरी किल्ली कोणाकडे तरी आहे. तो माणूस वाचकाला आधी एकदा दिसून गेलेला असला पाहिजे, आणि उत्तर शेवटच्या पानावर यायला हवं. भयकथा करायची, तर उत्तर द्यायची सक्ती नाही, पण ओलावा रोज थोडा पुढे सरकला पाहिजे: आज कुंडीत, उद्या बाल्कनीच्या फरशीवर, परवा आपल्या दाराबाहेर. विनोदी करायची, तर उत्तर वाचकाला पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकायचं. किल्ली देणाऱ्या बाईंचा कोणावरच विश्वास नाही, म्हणून त्यांनी तीन शेजाऱ्यांना गुपचूप तीन किल्ल्या दिल्यात. तिघंही पाणी घालतात, तुळस कुजते, घाबरून तिघंही आपापली नर्सरी गाठतात आणि आठव्या दिवशी बाल्कनीत तीन तुळशी! चौथा प्रकार घरगुती, गंभीर. घरातला नवरा गावाला गेलेलाच नाही. त्याची नोकरी गेली आहे, ते त्याने कोणाला सांगितलेलं नाही, आणि 'ऑफिसचं काम आलं' म्हणून मागे राहून तो दिवे न लावता आतल्या खोलीत बसून आहे. इथे उत्तर मध्यावरच कळतं, कारण खरा प्रश्न मातीचा नसतोच. आता शेजाऱ्याने काय करायचं, हा असतो.

म्हणजे प्रकार हा गोष्टीवर नंतर चिकटवायचा स्टिकर नाही. खरं काय ते वाचकाला कधी कळणार आणि कुठलं उत्तर चालणार, ह्याचा तो करार असतो. रहस्यकथेत शेवटी कळतं, विनोदी गोष्टीत आधी, घरगुती गोष्टीत मध्ये, आणि भयकथेत पूर्ण कधीच कळत नाही. म्हणूनच पाच पानं घाबरवून शेवटी "डुप्लिकेट किल्ली होती" असं सांगितलं की वाचक चिडतो. किल्ली असणं अशक्य नसतं, पण करार मोडलेला असतो.

मग करार एवढा महत्त्वाचा, तर तो आधी का करू नये? जरूर करावा, पण मागणाऱ्यानेच केला असेल तर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेलं नाव. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि खरा लेखक कोण हे मग कळलं. ह्या प्रसंगात मला आवडते ती ही बाब, की तिथे मागणी स्पष्ट होती. प्रकार आधीच ठरलेला होता, आणि पहिला वाचक म्हणजे परीक्षक, हेही माहीत होतं. लेखकाने एवढंच पाहिलं की त्या वाचकाने नाव बघून मत बनवू नये. 'नुसती गोष्ट' म्हणणारे आपल्याला ह्यातलं काहीच देत नाहीत. तेव्हा जे थोडंफार पक्कं माहीत आहे तिथून सुरुवात करावी. काकांच्या मागणीत पक्की माहिती एकच होती: स्मरणिका कोण वाचणार.

आमच्या तीन विंग्ज. स्मरणिका सगळ्यात मन लावून कोण वाचतं? ज्येष्ठ मंडळी. ती जाहिरातींसकट वाचतात आणि छपाईच्या चुका पेनाने दुरुस्तही करतात. आमच्या वयाची जोडपी चाळतात, आपल्या मुलाचं चित्र शोधतात, आणि एखादी गोष्ट छोटी दिसली तर वाचतात. मुलं इंग्रजी माध्यमातली. मराठी फाडफाड बोलतात, पण वाचताना अडखळतात, म्हणून कोणीतरी वाचून दाखवलं तर ऐकतात. इथपर्यंत सोपं आहे. पण ह्या वाचकांचं एक वैशिष्ट्य दिवाळी अंकाच्या वाचकांत नसतं: हे सगळे एकमेकांना ओळखतात.

आणि इथे माझा चौथा प्रकार अडकला. नोकरी गेलेल्या नवऱ्याची गोष्ट मला चारांतली सगळ्यात जवळची वाटत होती. सोसायटीत निम्मी घरं आयटीतली, कर्जाचे हप्ते चालू, आणि कपातीच्या बातम्या सगळ्यांनीच वाचलेल्या. पण हीच गोष्ट स्मरणिकेत छापून आली की संध्याकाळच्या आरतीपर्यंत चर्चा सुरू होणार: "सी विंगमधला तो तर नव्हे? हल्ली दुपारीसुद्धा खाली दिसतो." तो असेल किंवा नसेल. नसेल तर एका माणसावर उगाच शिक्का बसला, आणि असेल तर त्याने महिनोन् महिने जपलेली गोष्ट आपण तीनशे प्रतींत छापून घरोघर वाटली. अनोळखी वाचकांसाठी लिहिली असती, तर कदाचित तशाच अवस्थेतल्या कोणाला तिचा आधार वाटला असता. शब्द तेच, पण एका जागी आधार आणि दुसऱ्या जागी चुगली. फरक फक्त वाचकाचा.

म्हणून वाचक आधी. नियम करायचाच तर असा: ओळखू येईल असा माणूस नको, ओळखीचा वाटेल असा हवा. एकाच घरात सापडणारं गुपित ओळखू येतं. दर तिसऱ्या घरात सापडणारं गुपित ओळखीचं वाटतं.

मग आतल्या खोलीत बसायला दुसरं कोण? विचार करता करता सापडल्या आजी. मुलगा, सून, नातू कोकणात निघालेत. आजी म्हणाल्या, मी साताऱ्याला बहिणीकडे जाते. मुलाने स्टँडवर सोडलं. गाडी नजरेआड झाल्यावर आजींनी रिक्षा केली आणि सरळ घरी परत आल्या, कारण त्यांना कधी नव्हे ते आपलं घर आठ दिवस स्वतःला हवं होतं. टीव्ही आपल्या आवाजात, जेवण आपल्या वेळेला, आणि दुपारी कोणीही "आजी, माझा चार्जर कुठंय?" असं विचारणार नाही. शेजारी येतील हे माहीत असल्यामुळे दार वाजलं की त्या आतल्या खोलीत जाऊन बसत. पण तुळशीला पाणी घालायची पन्नास वर्षांची सवय. रोप कोमेजलेलं बघवलं नाही, हात गेलाच. माती ओली का, ह्याचं उत्तर मला इथे मिळालं, आणि पहिल्या चारही उत्तरांपेक्षा ते मला खरं वाटलं. ते प्रकार ठरवून सापडलं नसतं. 'हे कोण वाचणार' ह्या प्रश्नाने ते शोधायला लावलं.

वाचक ठरल्यावर लांबी बऱ्यापैकी आपोआप ठरते. मागच्या वर्षीची स्मरणिका काढून मी एका पानावरचे शब्द मोजले. ज्येष्ठांसाठी अक्षर मोठं ठेवलेलं, त्यामुळे पानाला ३०० शब्द. चार पानांपेक्षा जास्त लांब गोष्ट दिसली की आमच्या वयाचे लोक पान उलटतात. म्हणजे १२०० शब्द. मोठ्याने वाचायला किती वेळ लागेल? मी घड्याळ लावून मराठी मजकूर वाचतो तेव्हा मिनिटाला साधारण शंभर-एकशेदहा शब्द होतात. म्हणजे अकरा-बारा मिनिटं. मूल तेवढा वेळ बसतं.

कथा एका बैठकीत वाचून व्हावी, हे एडगर ॲलन पोने १८४२ मध्येच हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना सांगितलं होतं. त्याच्या हिशोबात ती बैठक अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंतची होती. आपली बैठक आरती आणि प्रसाद ह्यांच्यामधली! त्यामुळे 'लघुकथा' हा शब्द ऐकून लांबी कळत नाही. अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांमध्ये साडेसात हजार शब्दांच्या आतली ती लघुकथा. तेवढ्यात आमची अख्खी स्मरणिका भरेल. आणि इंग्रजीतले आकडे तसेच्या तसे उचलूही नयेत. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. 'शेजाऱ्यांच्या घरातल्या कुंडीत' हे मराठीत तीन शब्द, इंग्रजीत त्याचे सात-आठ होतात. मराठीतले १२०० शब्द इंग्रजीतल्या १२०० पेक्षा बरंच जास्त सांगतात.

तरीही १२०० म्हणजे १२००. त्यात काय मावतं? माझ्या अंदाजाने तीन भेटी मावतात. पहिल्या दिवशी सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी माती ओली, आणि आजी सापडतात. आठव्या दिवशी किल्ली परत. प्रत्येक भेटीला साडेतीनशे-चारशे शब्द. आजींचं लग्न, घर घेताना मोडलेले दागिने, सुनेशी झालेलं जुनं भांडण, ह्यातलं काहीही मावत नाही. ते सगळं हवं असेल तर पाच हजार शब्द घ्या आणि दुसरा वाचक शोधा.

लांबी चुकली की गोष्टीतच ते दिसतं. मोठी गोष्ट छोट्या जागेत कोंबली असेल, तर 'दिवसांमागून दिवस गेले', 'बघता बघता वर्ष सरलं' अशी वाक्यं यायला लागतात, एकदाच दिसणाऱ्या माणसांना पूर्ण नावं असतात, आणि शेवटच्या परिच्छेदात लेखक स्वतः येऊन अर्थ समजावतो. उलट छोटी गोष्ट ताणली असेल, तर सुरुवातीला पाऊस पडतो, मग नायक उठतो, मग चहा होतो, मग खिडकीतून पुन्हा पाऊस दिसतो. पहिली दोन पानं अंगठ्याने झाकून वाचून बघा. काहीच अडलं नाही, तर ती दोन पानं नकोच होती.

आता पात्रं. पहिली यादी केली तेव्हा आठ जण निघाले: आजी, मुलगा, सून, नातू, शेजारी नवरा-बायको, कामवाली बाई आणि वॉचमन. १२०० शब्दांत आठ माणसं म्हणजे एकेकाला दीडशे शब्द, शेअर रिक्षासारखी अवस्था. मग प्रत्येकाला काढून बघायचं. नातवाला काढला, काही बिघडलं नाही. सुनेला काढली, उलट बरं झालं, नाहीतर वाचक सासू-सुनेच्या चष्म्यातून बघायला लागला असता. शेजारी जोडप्याचं काम एकटी बायको करू शकते. बाई आठ दिवस सुट्टीवर, एका वाक्यात. मुलगा फक्त फोनवर. मोबाईलमुळेच तर हे गुपित शक्य आहे. लँडलाईनच्या जमान्यात बहिणीकडे फोन गेला असता आणि पहिल्याच दिवशी बिंग फुटलं असतं. आता आजी स्वतःच्या मोबाईलवर "पोचले रे" म्हणून मोकळ्या होतात. व्हिडिओ कॉलचं विचारलं, तर "इथे नेट येत नाही."

वॉचमनला मात्र मी काढू शकलो नाही. अनोळखी वाचकाने विचारलंही नसतं, पण आमच्या सोसायटीतला प्रत्येक जण पहिल्या मिनिटाला म्हणेल, "रिक्षातून उतरताना वॉचमनने पाहिलं नाही?" गेटवरचं रजिस्टर सगळ्यांच्या रोजच्या ओळखीचं. म्हणून त्याला एक वाक्य: त्याने पाहिलं, आजींनी त्याच्या हातावर वडी ठेवली आणि ओठांवर बोट ठेवलं. कथानकातली भोकं सगळ्या वाचकांना सारखी दिसत नाहीत. ज्यांना दिसणार, त्यांच्यासाठी तरी ती बुजवावी लागतात.

पात्रांच्या बाबतीत मराठीत दोन निर्णय पुढे ढकलताच येत नाहीत. एक म्हणजे 'मी' पुरुष की बाई. इंग्रजीत पाच पानं हे लपवता येतं. मराठीत 'मी पाणी घातलं', 'मी दार उघडलं' इथपर्यंत निभावतं, पण 'मी आत गेलो' की 'मी आत गेले' हे लिहायची वेळ पहिल्या दहा ओळींतच येते. मी 'गेले' घेतलं. आजी एकट्या घरात एखाद्या शेजाऱ्यासमोर जितक्या मोकळेपणी बोलतील, त्याहून "अगं ये, बस" हे शेजारणीला सहज म्हणतील. दुसरा निर्णय नावाचा. आपल्याकडे नाव सांगितलं की वय कळतं. सुमन, शुभांगी आणि स्नेहल ह्या तीन वेगळ्या पिढ्या आहेत, हे कोणाला सांगावं लागत नाही. आणि आडनाव सांगितलं की गाव, जात, कधीकधी मजलासुद्धा कळतो. ह्या वाचकांपुढे ते नकोच. म्हणून आजी फक्त 'आजी', आणि शेजारीण स्नेहल. शिवाय गोष्ट मोठ्याने वाचली जाणार आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार ह्या तिघांचं कथाकथन ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक असेल, ऐकणाऱ्याला पान मागे उलटून 'हा कोण बरं' असं बघता येत नाही. तिथे नावं जितकी कमी तितकं बरं.

एवढं झाल्यावर प्रकार ठरवायला उरलं तरी काय? रहस्यकथा करावी, तर संशयित उभे करायला जागा नाही. भयकथा मुलं आणि गणपती ह्यांच्यामध्ये कशाला! उरली हलकी, हसरी घरगुती गोष्ट, तिला सुरुवातीला रहस्याची जराशी फोडणी. आणि घरगुती गोष्टीच्या करारानुसार उत्तर मध्यावर येतं. तिसऱ्या दिवशी आजी सापडतात, आणि उरलेल्या गोष्टीचा प्रश्न वेगळाच असतो: मुलाचा फोन येईल तेव्हा स्नेहल काय सांगणार? आठव्या दिवशी तो किल्ली घ्यायला येतो, "तुळस छान ठेवलीत हो" म्हणतो, आणि स्नेहल म्हणते, "रोज पाणी घातलं." अर्धं खोटं. कोणी घातलं ते तिने सांगितलं नाही. तिथेच थांबायचं.

काकांना मी प्रश्नांची यादी पाठवली नाही. आमच्या धंद्यात ही एक वाईट खोड आहे. मोघम मागणी आली की वीस प्रश्नांची एक्सेल शीट परत धाडायची, म्हणजे चेंडू समोरच्याच्या कोर्टात. गोष्ट मागणारा असे प्रश्न बघून बिचकतो आणि म्हणतो, "जाऊ दे, एखादा विनोद टाकू." त्याऐवजी मी चार ओळी पाठवल्या: तिन्ही विंग्जना मुलांसकट वाचता येईल अशी, १२०० शब्द, चार पानं, एक आजी, एक शेजारीण, फोनवरचा मुलगा, हलकी घरगुती गोष्ट. समोर काहीतरी ठेवलं की माणसाला आपल्याला काय नकोय ते लगेच सांगता येतं. काकांनी एकच बदल सुचवला, "सातारा नको, तिथले लोक आहेत आपल्याकडे." आजींची बहीण आता सांगलीला राहते.

ह्यावर एक आक्षेप नेहमी येतो. गोष्ट अशी मापं घेऊन शिवता येते का? ती सुचावी लागते. मान्य! ओली माती मला सुचलीच होती, मापं घेऊन नाही. आणि स्वतःपुरतं लिहिताना पहिला खर्डा काहीही न ठरवता लिहावा, ह्यालाही माझी ना नाही. गोष्ट कुठे जातेय हे कधीकधी लिहूनच कळतं. पण ती दुसऱ्याच्या हातात द्यायची असेल, तर दुसऱ्या खर्ड्याआधी ही चार उत्तरं कागदावर हवीत. नोकरी गेलेल्या नवऱ्याची गोष्ट मी फेकलेली नाही. ती वेगळ्या फाईलमध्ये आहे, आणि तिचा वाचक सोसायटीबाहेरचा आहे एवढं पक्कं आहे.

आणि तुम्ही मागणारे असाल, तर चारही उत्तरं तुमच्याकडून कोणी मागत नाही. 'नुसती' हा शब्दही खुशाल ठेवा. फक्त एका माणसाचं नाव घ्या. "एक गोष्ट दे" आणि "एक गोष्ट दे, आईला वाचून दाखवायची आहे, तिला हल्ली दिसत नाही" ह्या दोन मागण्यांत आठ शब्दांचा फरक आहे. पण दुसरी मागणी ऐकल्याबरोबर लिहिणाऱ्याला कळतं, की वाक्यं छोटी हवीत, नावं दोन-तीनच, लांबी पंधरा मिनिटांच्या आत, आणि जे काही दाखवायचं ते आवाजातून, वासातून आणि स्पर्शातून दाखवायचं. ओली माती तर बोटालाच कळते.